फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरचं इंटरलॉकिंग: मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही का लागतात, कसे जोडायचे आणि कसे तपासायचे

थ्री-फेज मोटर उलटी फिरवायची तर तीनपैकी कुठल्याही दोन फेजांची अदलाबदल करायची, एवढंच काम असतं. स्टार्टरमध्ये ते दोन कॉन्टॅक्टर करतात. फॉरवर्डच्या कॉन्टॅक्टरला आपण के1 म्हणू. तो आर फेज मोटरच्या यू टर्मिनलला देतो, वाय व्हीला आणि बी डब्ल्यूला. रिव्हर्सचा के2 आर फेज डब्ल्यूला आणि बी फेज यूला देतो, मधला वाय मात्र व्हीलाच जातो. दोघांचं आउटगोइंग एकाच ठिकाणी येऊन ओव्हरलोड रिलेमध्ये आणि तिथून मोटरला जातं.

आता हे दोघं एकाच वेळी ओढले गेले तर काय होतं ते कागदावर रेष मारून पाहा. यूवर के1 मधून आर आला आहे आणि के2 मधून बी. डब्ल्यूवर के1 मधून बी आला आहे आणि के2 मधून आर. म्हणजे आर आणि बी एकमेकांना दोन ठिकाणी थेट टेकले. या रस्त्यात मोटरचं वाइंडिंग कुठेच नाही. करंट अडवायला उरते ती फक्त केबल आणि मागचा ट्रान्सफॉर्मर. पॅनलवर थ्री-फेज फॉल्ट करंट 6 किलोअँपिअर असेल तर दोन फेजांमधल्या शॉर्टला साधारण 5.2 किलोअँपिअर मिळतो, कारण फेज-टू-फेज शॉर्टचा करंट थ्री-फेज शॉर्टच्या 0.866 पट असतो.

इथे एक गोष्ट नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटते. हा करंट के1 च्या एका पोलातून खाली येतो आणि के2 च्या पोलातून परत वर जातो. ओव्हरलोड रिले त्याच्याही खाली आहे, त्यामुळे शॉर्टचा करंट त्यातून जातच नाही. रिले 11 अँपिअरवर नीट सेट केलेला असला तरी त्याला काही कळत नाही. या प्रसंगी काम करतो तो वरचा फ्यूज किंवा एमपीसीबी, म्हणजे मोटरचा सर्किट ब्रेकर, आणि तो उडेपर्यंत दोन्ही कॉन्टॅक्टरांचे कॉन्टॅक्ट वितळलेले असू शकतात. म्हणून मशीनच्या विद्युत सुरक्षेचं मानक आयईसी 60204-1 स्पष्ट सांगतं की रिव्हर्सिंग कॉन्टॅक्टरांचं इंटरलॉकिंग असं असावं की नेहमीच्या वापरात स्विचिंग करताना शॉर्ट सर्किट होऊच शकणार नाही.

एकटं इलेक्ट्रिकल कुठे कमी पडतं

इलेक्ट्रिकल इंटरलॉक म्हणजे के1 चा एनसी, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जोडलेला राहणारा, ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट के2 च्या कॉइलच्या सिरीजमध्ये आणि के2 चा एनसी के1 च्या कॉइलच्या सिरीजमध्ये. के1 ओढलेला असेपर्यंत त्याचा एनसी उघडा, म्हणून के2 च्या कॉइलला व्होल्टेज पोचत नाही. यातला सगळा विश्वास एका गृहीतकावर आहे: एनसी बंद झाला म्हणजे मेन कॉन्टॅक्ट उघडले आहेत.

हे गृहीतक मेन कॉन्टॅक्ट चिकटल्यावर मोडू शकतं. कॉन्टॅक्टरचे तिन्ही पोल एका प्लास्टिकच्या फिरत्या पट्टीवर बसवलेले असतात. एका बाजूचा पोल चिकटला की कॉइल सुटल्यावर स्प्रिंग पट्टीला मागे खेचते, पण चिकटलेली बाजू अडते आणि पट्टी तिरकी होते. ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट सुटलेल्या बाजूकडे असेल तर तो चक्क बंद होऊ शकतो. कंट्रोल सर्किटला वाटतं के1 सुटला, तिकडे आर फेज अजून यूवर बसलेला असतो. रिव्हर्स दाबलं की के2 ओढतो, बी फेज यूवर येतो आणि भडका उडतो.

यावरच उपाय म्हणून मिरर कॉन्टॅक्ट असतात. आयईसी 60947-4-1 मध्ये त्याची व्याख्या आहे: कुठलाही एक मेन कॉन्टॅक्ट बंद असताना जो एनसी बंद होऊच शकत नाही, तो मिरर कॉन्टॅक्ट. इंटरलॉकसाठी असाच एनसी घ्यायचा. कॉन्टॅक्टरच्या अंगातला एनसी बहुतेक वेळा तसा असतो, पण वरून बसवायच्या ऑक्झिलरी ब्लॉकचं तसं धरून चालू नका. कॅटलॉगमध्ये त्या ब्लॉकसमोर मिरर कॉन्टॅक्ट असं लिहिलं आहे का ते पाहा. काही ब्लॉकांत उशिरा उघडणारा एनसी असतो, एनओ, म्हणजे ओढल्यावर जोडला जाणारा कॉन्टॅक्ट, बंद झाल्यानंतर तो सुटतो. तसला ब्लॉक इथे वापरायचा नाही, कारण आपल्याला एनसी मेन कॉन्टॅक्ट बंद होण्याच्या आधी उघडलेला हवा आहे.

चिकटलेला पोल कुठला यावरही बरंच अवलंबून आहे. मधला, वाय फेजचा पोल चिकटला तर के2 ओढल्यावरही शॉर्ट होत नाही, कारण के2 सुद्धा वाय फेज व्हीलाच देतो. स्टार्टर दोन्हीकडे छान चालतो आणि दोष लपून राहतो. फक्त स्टॉप दाबल्यावरही मोटरच्या टर्मिनलवर फेज राहतो, आणि मोटर बंद आहे म्हणून टर्मिनल बॉक्स उघडणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

एकटं मेकॅनिकल कुठे कमी पडतं

मेकॅनिकल इंटरलॉक म्हणजे दोन कॉन्टॅक्टरांच्या मध्ये बसणारा छोटा ठोकळा. त्याच्या आत एक लिव्हर असते. एका कॉन्टॅक्टरचा आर्मेचर आत गेला की लिव्हर सरकून दुसऱ्याच्या आर्मेचरच्या वाटेत येते. वायरिंग चुकलं, कुणी जंपर टाकला, पीएलसीने दोन्ही आउटपुट एकदम दिले, तरी दुसरा कॉन्टॅक्टर शरीराने आत जाऊ शकत नाही. के1 चा पोल चिकटून आर्मेचर अर्धा अडकला असेल तरी लिव्हर के2 ची वाट अडवून उभी असते. हे त्याचं मोठं बळ.

पण नुसतं हेच लावलं आणि एनसी जोडले नाहीत, तर के1 चालू असताना रिव्हर्स दाबल्यावर के2 च्या कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि आर्मेचर मात्र अडलेला असतो. एसी कॉइलचा करंट ठरवतो तो चुंबकाच्या दोन भागांमधला हवेचा गॅप. आर्मेचर पूर्ण बसला की गॅप मिटतो आणि करंट उतरतो. छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना साधारण 70 व्हीए घेते आणि बसल्यावर 7-8 व्हीए. अडलेल्या आर्मेचरच्या कॉइलमधून तो दसपट करंट वाहतच राहतो. कॉन्टॅक्टर जोरात गुरगुरतो, थोड्या वेळात वास येतो आणि कॉइल जळते.

म्हणजे मेकॅनिकल इंटरलॉक शॉर्ट वाचवतो आणि इलेक्ट्रिकल इंटरलॉक कॉइल वाचवतो. एक दुसऱ्याचा बॅकअप आहे असं म्हणतात ते खरंच आहे, पण त्याहून जास्त खरं हे की दोघांची कामंच वेगळी आहेत.

एक पॅनल, जसं उघडलं तसं

माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एक स्टार्टर सांगतो. 5.5 किलोवॅटची मोटर, मशीनचं टेबल पुढे-मागे नेणारी. तक्रार होती, "रिव्हर्स दाबलं की मोठा आवाज झाला आणि एमपीसीबी पडला." झाकण काढलं तर के1 च्या पहिल्या आणि के2 च्या तिसऱ्या पोलाभोवती काजळी होती, मधले पोल स्वच्छ. हे चित्रच सांगत होतं की आर आणि बी भिडले आहेत.

सप्लाय पूर्ण तोडून, मोटरच्या वायरी काढून मल्टिमीटर के1 च्या पोलांवर लावला. पहिल्या पोलावर बीप, दुसऱ्या-तिसऱ्यावर नाही. कॉइलला सप्लाय नसताना बीप, म्हणजे पोल चिकटलेला. मग त्याच कॉन्टॅक्टरचा एनसी, म्हणजे 21-22, त्याच्या वायरी सोडवून पाहिला. तो उघडा होता. एनसीने आपलं काम केलं होतं! मग के2 ला सप्लाय मिळाला कुठून? वायरी मोजत गेलो तर के1 च्या 21 आणि 22 ला जाणाऱ्या वायरींना जोडणारा लाल वायरचा तुकडा सापडला, फेरूल नसलेला. के1 चा पोल चिकटल्यावर एनसी उघडाच राहिला, त्यामुळे मशीन "रिव्हर्स घेत नव्हतं", आणि कुणीतरी घाईत तो एनसी जंपर करून मशीन चालू करून दिलं होतं. मेकॅनिकल इंटरलॉक असता तरी शॉर्ट टळला असता. तो नव्हता, कारण आधी कधीतरी के1 बदलताना वेगळ्या फ्रेमचा कॉन्टॅक्टर बसवला होता आणि जुना ठोकळा त्याला बसत नव्हता.

याच स्टार्टरची नव्याने बांधणी कशी केली ते आता क्रमाने.

पहिलं काम: कॉन्टॅक्टरची निवड

415 व्होल्टला 5.5 किलोवॅट मोटरचा फुल-लोड करंट साधारण 11 अँपिअर. नुसतं चालू-बंद करायचं असतं तर एसी-3 रेटिंगचा 12 अँपिअरचा कॉन्टॅक्टर चालला असता. पण फिरत्या मोटरला उलटा सप्लाय दिला की तिचा करंट थेट स्टार्टिंगच्या, म्हणजे फुल-लोडच्या 6-7 पट करंटच्याही वर जातो, कारण रोटर उलट्या क्षेत्राविरुद्ध फिरत असतो आणि स्लिप जवळजवळ 2 असते. अशा ड्युटीला एसी-4 म्हणतात आणि तिच्यात तोच कॉन्टॅक्टर फार लवकर झिजतो, पोल चिकटतात. म्हणून कॅटलॉगमध्ये एसी-4 चा तक्ता पाहून 25 अँपिअर फ्रेमचे दोन सारखे कॉन्टॅक्टर घेतले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे, एकाच फ्रेमचे असले की मेकॅनिकल इंटरलॉकचा ठोकळा बिनचूक बसतो. ठोकळाही त्याच मालिकेचा घ्या.

दुसरं: मेकॅनिकल इंटरलॉक बसवणं

दोन्ही कॉन्टॅक्टर डीन रेलवर शेजारी, मध्ये ठोकळा. त्याच्या दोन खुंट्या दोन्ही कॉन्टॅक्टरच्या अंगातल्या खाचांमध्ये शिरल्या पाहिजेत, आणि बाजूचे क्लिप टक्कन बसले पाहिजेत. काही मालिकांत ठोकळा समोरून बसतो. मग वरून ऑक्झिलरी ब्लॉक लावायला जागा उरत नाही, हे आधीच पाहून ठेवा.

यानंतर दोन्ही बाजूंना एंड क्लॅम्प घट्ट करा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण कॉन्टॅक्टर दिवसातून शेकडो वेळा आपटतो, आणि रेलवर तो एखाद-दोन मिलिमीटर सरकला की लिव्हरची पकड सुटते. मग ठोकळा जागेवर दिसतो, पण अडवत काहीच नाही.

सप्लाय नसताना स्क्रूड्रायव्हरने के1 चा आर्मेचर पूर्ण आत दाबून धरा आणि के2 दाबून पाहा. के2 थोडा हलेल, मग कडक अडेल. तो अडतो त्या जागी त्याचे मेन कॉन्टॅक्ट टेकलेले नसावेत. मल्टिमीटरने तिन्ही पोल पाहून घ्या. मग उलट करून पाहा: के2 दाबून के1.

तिसरं: पॉवर वायरिंग

वर इनकमिंगला सरळ जोडा: आर, वाय, बी दोन्ही कॉन्टॅक्टरांच्या 1, 3, 5 वर त्याच क्रमाने. अदलाबदल फक्त खाली, आउटगोइंगला: के1 चा 2 के2 च्या 6 ला, के1 चा 4 के2 च्या 4 ला, के1 चा 6 के2 च्या 2 ला. वर अदलाबदल करून खाली सरळ जोडलं तरी चालतं. दोन्हीकडे केलं तर मात्र ती एकमेकांना रद्द करते आणि मोटर दोन्ही बटणांवर एकाच दिशेला फिरते. मी नेहमी खालीच करतो, कारण झाकण उघडल्याबरोबर ती नजरेला दिसते आणि पुढच्या माणसाला शोधावी लागत नाही.

मग सप्लाय नसताना, कंट्रोल एमसीबी बंद करून, मोटरच्या वायरी काढून तपासा. के1 दाबून आर ते यू बीप, वाय ते व्ही बीप, बी ते डब्ल्यू बीप. के2 दाबून आर ते डब्ल्यू, वाय ते व्ही, बी ते यू. मोटर जोडलेली राहिली तर वाइंडिंगचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की कुठेही बीप येतो आणि तपासणी निरर्थक होते.

चौथं: कंट्रोल वायरिंग

इथे वायरींना नंबर देऊनच बोलू, म्हणजे पुढची तपासणी सोपी जाईल. कंट्रोल सप्लाय 230 व्होल्ट.

कंट्रोल एमसीबीमधून निघालेली वायर 1 ओव्हरलोड रिलेच्या 95 वर जाते. 96 मधून वायर 2 निघते आणि स्टॉप बटणाच्या एनसीवर जाते. स्टॉपमधून निघते ती वायर 3. इथून दोन फांद्या फुटतात.

फॉरवर्डची फांदी: वायर 3 फॉरवर्ड बटणाच्या एनओला, आणि त्याला समांतर के1 च्या होल्डिंग कॉन्टॅक्टच्या 13 ला. बटणाची दुसरी बाजू आणि के1 चा 14 एकत्र येऊन वायर 4 होते. वायर 4 रिव्हर्स बटणाच्या एनसीमधून जाऊन वायर 5 होते. वायर 5 के2 च्या 21 ला, आणि के2 च्या 22 मधून वायर 6 के1 च्या कॉइलच्या ए1 ला.

रिव्हर्सची फांदी आरशातल्यासारखी उलटी: वायर 3 रिव्हर्स बटणाच्या एनओला आणि के2 च्या 13 ला, पलीकडे वायर 7, तिथून फॉरवर्ड बटणाच्या एनसीमधून वायर 8, मग के1 च्या 21-22 मधून वायर 9, आणि ती के2 च्या ए1 ला. दोन्ही कॉइलचे ए2 थेट न्यूट्रलला. ए2 आणि न्यूट्रलच्या मध्ये कुठलाही कॉन्टॅक्ट टाकायचा नाही, सगळे कॉन्टॅक्ट फेजच्या बाजूला.

बटणांचा एनसी कुठे बसतो याकडे लक्ष द्या. तो वायर 4 नंतर, म्हणजे होल्डिंग कॉन्टॅक्ट आणि बटण एकत्र आल्यावर आहे. म्हणून के1 होल्डवर चालू असताना रिव्हर्स दाबलं की आधी के1 ची कॉइल तुटते. तोच एनसी चुकून नुसत्या फॉरवर्ड बटणाच्या सिरीजमध्ये, होल्डिंगच्या आतल्या बाजूला लागला तर के1 होल्डवर तसाच राहतो आणि रिव्हर्स बटण निकामी वाटतं. ही चूक मी बऱ्याच पॅनलमध्ये पाहिली आहे.

बटणांचा हा इंटरलॉक सोयीचा आहे, पण त्याला कॉन्टॅक्टरच्या एनसीची जागा घेऊ देऊ नका. बटण माणसाचं बोट पाहतं, के1 सुटला की नाही ते पाहत नाही. तीच गोष्ट पीएलसीची. प्रोग्राममध्ये दोन्ही आउटपुट एकत्र येणार नाहीत असं लिहिलं तरी एका स्कॅनमध्ये एक आउटपुट बंद आणि दुसरं चालू होऊ शकतं. प्रोग्रामला तेव्हा के1 अजून सुटतोय हे माहीत नसतं. पीएलसी असला तरी 21-22 वायरीने कॉइलच्या सिरीजमध्ये जोडायचेच.

पाचवं: मधला वेळ

आतापर्यंतचे दोन्ही इंटरलॉक एका गोष्टीपासून वाचवत नाहीत, ती म्हणजे आर्क. के1 चे कॉन्टॅक्ट उघडले म्हणजे करंट तुटला असं नाही. आर्क करंटच्या शून्यापर्यंत टिकतो, आणि 50 हर्ट्झला दर 10 मिलिसेकंदांनी शून्य येतं. नेहमी एखाद्या अर्ध्या सायकलमध्ये आर्क विझतो. छोट्या कॉन्टॅक्टरला ओढायला साधारण 12 ते 22 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे इकडे एनसी बंद होऊन के2 ओढेपर्यंत तिकडे आर्क संपलेला असतो. पण कॉन्टॅक्ट झिजलेले असतील किंवा करंट स्टार्टिंगचा असताना तोडावा लागला, तर हा हिशोब फार बारीक होतो. आर्क जळत असताना के2 टेकला तर के1 चा आर्मेचर सुटलेला असूनही आर आणि बी आर्कमधून भिडतात. मेकॅनिकल लिव्हरला हे दिसत नाही.

म्हणून दिशा बदलताना मध्ये ठरवून वेळ द्यायचा. आर्कसाठी 50 ते 100 मिलिसेकंद पुरतात, पण मोटर थांबेपर्यंत थांबलात तर उलट्या सप्लायचा तो मोठा करंटही टळतो आणि पोल चिकटण्याचं मुख्य कारणच जातं. या टेबलाला स्टॉपनंतर थांबायला घड्याळ लावून मोजलं तर दीड सेकंद लागत होता. के1 आणि के2 दोघांवर ऑफ-डिले टायमर ब्लॉक बसवला, वेळ 2 सेकंद. के1 वरच्या ब्लॉकचा एनसी वायर 8 नंतर, के1 च्या 21 च्या आधी सिरीजमध्ये जोडला. के1 ओढला की तो उघडतो आणि के1 सुटल्यावर 2 सेकंदांनी बंद होतो. के2 वरच्या ब्लॉकचा एनसी तसाच वायर 5 आणि के2 च्या 21 च्या मध्ये. साधा एनसी तिथेच राहतो, टायमर त्याच्या जोडीला येतो. टायमरचा एनसी बिघडून कायम बंदच राहिला तरी इंटरलॉक शाबूत असतो.

यामुळे चालवणाऱ्याला दिशा बदलताना बटण पुन्हा दाबावं लागतं. त्याला ते आधीच सांगा, नाहीतर "रिव्हर्स घेत नाही" ही तक्रार पुन्हा येते आणि कुणीतरी पुन्हा जंपर शोधायला लागतो.

कॉइल डीसी असेल आणि तिच्यावर डायोड लावलेला असेल तर आणखी सांभाळा. डायोडमुळे कॉइलमधला करंट हळू मरतो आणि कॉन्टॅक्टर सुटायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ घेतो. पीएलसीच्या टायमरमध्ये नेमका मधला वेळ टाकला असेल तर तो अपुरा पडू शकतो. के1 सुटल्याचा एनसी पीएलसीला फीडबॅक म्हणून द्या आणि टायमर तिथून मोजायला सुरू करा.

सहावं: दोन्ही इंटरलॉक वेगवेगळे तपासणं

हाच भाग लोक सर्वात जास्त टाळतात, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. दोन्ही इंटरलॉक बसवल्यावर फॉरवर्ड-रिव्हर्स दाबून पाहिलं, दोन्ही चाललं, झालं. पण एक इंटरलॉक मेला असला तरी दुसरा त्याला झाकतो. म्हणून एकेकाची परीक्षा स्वतंत्र घ्यायची.

पहिली तपासणी सप्लायशिवाय. कंट्रोल एमसीबी बंद, मल्टिमीटर बीपवर, थेट के1 च्या 21 आणि 22 वर, म्हणजे टायमरचा एनसी दोष झाकणार नाही. बीप यायला हवा. के1 हाताने आत दाबा, बीप थांबला पाहिजे, तोही आर्मेचर पूर्ण बसायच्या आधी. सावकाश दाबून पाहा. मीटर दुसऱ्या वाटेने कॉइलमधून फिरून काही शे ओहम दाखवू शकतो, पण बीप येता कामा नये. मग तसंच के2 दाबून के2 चा 21 आणि 22.

दुसरी तपासणी कंट्रोल सप्लायवर. पॉवरचा एमपीसीबी बंद आणि लॉक केलेला, मोटरच्या वायरी काढलेल्या, पॉवर टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची मीटरने खात्री केलेली. कंट्रोल सप्लाय वेगळ्या ठिकाणाहून येत असेल तर तो जिवंत आहे हे विसरू नका, आणि इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरच वापरा. के1 चा आर्मेचर दाबून धरा. त्याचा होल्डिंग बंद होऊन तो स्वतःच ओढला जाईल, तरी दाब सोडू नका. आता रिव्हर्स बटण दाबून धरा. त्याने के1 ची कॉइल तुटेल, पण आर्मेचर तुम्ही धरून ठेवलेला आहे, म्हणून के1 चा एनसी उघडाच आहे. के2 मधून काहीही आवाज येता कामा नये, आणि त्याच्या ए1-ए2 वर व्होल्टेज दिसता कामा नये. के2 गुरगुरला तर समजा की इलेक्ट्रिकल इंटरलॉक नाही, आणि आत्ता शॉर्टपासून फक्त लिव्हर वाचवते आहे. बटण लगेच सोडा. आधी रिव्हर्स बटण, मग के1, मग स्टॉप. हीच तपासणी के2 दाबून फॉरवर्डसाठी.

तिसरी तपासणी पॉवरची. मोटर जोडा, शक्य असेल तर कपलिंग सोडून. फॉरवर्ड, स्टॉप, पूर्ण थांबू द्या, रिव्हर्स. स्टॉपनंतर मोटरच्या तिन्ही टर्मिनलवर न्यूट्रलच्या संदर्भात व्होल्टेज पाहा. तिघांवर शून्य आलं पाहिजे. कुठेही फेज दिसला तर पोल चिकटलेला आहे किंवा वायरिंग चुकलं आहे, आणि स्टार्टर चालवायचा नाही.

चालू स्टार्टरवर दोष ओळखणं

"फॉरवर्ड चालतं, रिव्हर्स घेत नाही" ही तक्रार आली की पहिला संशय बटणावर जातो. आधी के1 चे पोल पाहा. मिरर कॉन्टॅक्ट असलेल्या कॉन्टॅक्टरचा पोल चिकटला की 21-22 उघडाच राहतो आणि के2 ला कॉइल सप्लाय मिळत नाही. म्हणजे स्टार्टर बिघडलेला नाही, तो तुम्हाला शॉर्टपासून अडवतोय. त्या क्षणी 21-22 जंपर करणं म्हणजे त्याचा हात मागे बांधणं.

के2 गुरगुरत असेल, ओढत नसेल, तर दोन शक्यता. कंट्रोल व्होल्टेज कमी असेल (कॉन्टॅक्टर ठरलेल्या व्होल्टेजच्या 85 टक्क्यांवर खात्रीने ओढायला हवा, त्याखाली त्याची खात्री नाही), किंवा एनसीला वळसा मिळालेला असेल आणि लिव्हर के2 ला अडवत असेल. कॉइलवर व्होल्टेज मोजा, पूर्ण असेल तर दुसरी शक्यता पक्की. कमी व्होल्टेजवर कॉन्टॅक्टर फडफडत असेल तर तेही सोडू नका, कारण फडफडताना दर उघड-झापीला आर्क होतो आणि चिकटलेल्या पोलांचं हे एक नेहमीचं कारण आहे.

एकदा शॉर्ट होऊन गेला असेल तर नुसता एमपीसीबी रिसेट करून पुढे जायचं नाही. दोन्ही कॉन्टॅक्टरचे आर्क चेंबर काढून कॉन्टॅक्ट पाहा, चिकटलेले किंवा मणी पडलेले कॉन्टॅक्ट असतील तर कॉन्टॅक्टर बदला, आणि लिव्हर वाकलेली नाही ना ते वर सांगितल्याप्रमाणे हाताने दाबून पाहा. बदलताना दोघांची फ्रेम सारखी आहे ना, ठोकळा क्लिप होतो ना, एवढं पाहिल्याशिवाय झाकण लावू नका. त्या मशीनच्या पॅनलमध्ये मी आत झाकणावर वायर 1 ते 9 ची आकृती चिकटवली आणि 21-22 च्या दोन्ही जोड्यांच्या वायरींना पिवळ्या फेरूल घातल्या, म्हणजे रात्री घाईत उघडणाऱ्यालाही ती वायर कशासाठी आहे हे कळेल.